सारांशाचं पान कधी उघडायचं? दहावीच्या नव्या बॅचसाठी

मुलांनो, बॅच सुरू होताना मी जे बोलते ते दरवर्षी निम्म्या वर्गापर्यंत पोचतच नाही. पहिल्या दिवशी अर्धी मुलं बसायला जागा शोधत असतात आणि उरलेली आपल्या शाळेतलं कोण कोण आलंय ते बघत असतात. म्हणून या वेळी लिहूनच देते आहे. घरी निवांत वाचा आणि आईबाबांनाही वाचायला द्या.

आज तुम्हाला जी फाइल मिळाली, तिच्यात विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ च्या दहाही पाठांचे सारांश आहेत, एका पाठाला पाठपोट एक पान. ही पानं मीच काढली आहेत. त्यामुळे त्यांत काय आहे यापेक्षा त्यांतून काय गळलंय, हे मला जास्त नीट माहीत आहे. एवढा मोठा पाठ एका पानात बसवायचा तर व्याख्या, सूत्रं आणि आकडे ठेवावे लागतात. प्रयोग कसा केला, आधी काय घडलं आणि मग काय, एखादी गोष्ट कोणत्या अटीवर खरी आहे, हे सगळं जातं.

आता बोर्डाच्या पेपरकडे बघा. भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. पहिल्या प्रश्नाचे १० गुण पर्याय निवडा, जोडी लावा, वेगळा घटक ओळखा असल्या छोट्या प्रश्नांना असतात. उरलेले ३० गुण शास्त्रीय कारणं, फरक, आकृतीवरचे प्रश्न, गणितं आणि सविस्तर उत्तरांना. नुसती माझी पानं पाठ केलीत तर पहिल्या दहांतले बरेचसे मिळतील. पुढच्या तिसांत मात्र अडाल, कारण ते प्रश्न नेमके पानातून गळलेल्या भागावर असतात.

मग पानं देतेच कशाला? त्यांचा उपयोग आहे आणि चांगला आहे, पण तो पाठ वाचून झाल्यावर. खाली सगळ्या पायऱ्या ‘उष्णता’ या पाचव्या पाठावर करून दाखवते. दुसऱ्या पाठांना त्या तशाच लागू होतील.

काय काय लागेल

बालभारतीचं पाठ्यपुस्तक, स्वतःचं. दादाचं किंवा ताईचं असेल तरी चालेल, फक्त आतल्या पानावर आवृत्तीचं साल बघून घ्या. आपलं हे पुस्तक २०१८ साली आलं आणि त्याआधीच्या पुस्तकांत पाठांची मांडणी वेगळी होती. पुस्तक मिळत नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट मिळते. पण तिच्या प्रिंट काढून घ्या, कारण आपल्याला पानावर लिहायचं आहे.

एक साधी पेन्सिल, एक खोडरबर, दोनशे पानी एक वही. मागच्या दोन-तीन वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका, त्या मी देईन. आणि फाइलमधलं सारांशाचं पान, जे तिसऱ्या पायरीपर्यंत फाइलमध्येच राहील.

हायलायटर आणू नका. मुलं पहिल्याच वाचनात पिवळ्या रंगाने अर्धं पान भरून टाकतात, आणि मग महत्त्वाचं काय ते पुन्हा शोधत बसावं लागतं.

१. पहिलं वाचन: फक्त पुस्तक आणि पेन्सिल

एक पाठ दोन बैठकांत वाचा. ‘उष्णता’ वाचताना पहिल्या बैठकीत अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन आणि पाण्याचं असंगत आचरण. दुसऱ्या बैठकीत दवबिंदू आणि आर्द्रता, उष्णतेचं एकक आणि विशिष्ट उष्माधारकता.

या वाचनात पाठ काहीच करायचं नाही. पेन्सिलीने दोनच खुणा करायच्या. जिथे समजलं नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह. जिथे ‘जर’, ‘तोपर्यंत’, ‘समान’, ‘स्थिर’, ‘फक्त’ असा अट सांगणारा शब्द येईल, तिथे त्या शब्दाला गोल. बाकी काही नाही.

या गोल खुणांचा फायदा लगेच दिसणार नाही, म्हणून एक उदाहरण देते. विशिष्ट उष्माधारकता समजावण्यासाठी पुस्तकात एक प्रयोग आहे. लोखंड, तांबं आणि शिसं यांचे गोळे उकळत्या पाण्यात ठेवतात, काही वेळाने बाहेर काढून लगेच मेणाच्या जाड थरावर ठेवतात, आणि कोणता गोळा मेणात किती खोल गेला ते बघतात. लोखंडाचा सगळ्यांत खोल जातो, तांब्याचा त्यापेक्षा कमी आणि शिशाचा सगळ्यांत कमी. माझ्या पानावर याची एक ओळ आहे: ‘विशिष्ट उष्माधारकता: लोखंड > तांबे > शिसे.’

आता ही ओळ पाठ केलेल्या मुलाला मी वर्गात विचारते, ‘शिसं तर जड, मग ते सगळ्यांत खोल जायला नको का?’ बहुतेक जण गप्प होतात. काही जण घाईने ‘हो, जाईल’ म्हणूनही टाकतात. पुस्तकात प्रयोग नीट वाचलेला मुलगा सांगतो की तिन्ही गोळ्यांचं वस्तुमान समान घेतलेलं आहे, त्यामुळे जड-हलक्याचा प्रश्नच येत नाही. तिघंही एकाच उकळत्या पाण्यात होते, त्यामुळे तापमानही सारखं. म्हणजे खोलीतला फरक आला तो गोळ्याने पाण्यातून किती उष्णता घेतली होती आणि मेणाला किती दिली, त्यातूनच. सगळं उत्तर ‘समान वस्तुमान’ या दोन शब्दांवर उभं आहे, आणि ते दोन शब्द माझ्या पानावर नाहीत. ते मुद्दाम वगळलेले नाहीत, जागेअभावी गेले आहेत. कोणत्याही सारांशात असंच होतं, मग तो माझा असो, गाइडमधला असो की मित्राने पाठवलेला.

प्रश्नचिन्हांची लाज बाळगू नका. एका पाठात एकही प्रश्नचिन्ह नसलेलं पुस्तक दिसलं, की मला वाटतं पाठ वाचलेलाच नाही.

२. पुस्तक मिटून स्वतःच्या सहा ओळी

दोन्ही बैठका झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, पुस्तक मिटा आणि वहीच्या उजव्या पानावर या पाठात काय होतं ते सहा-सात ओळींत लिहा. डावं पान रिकामं ठेवा, ते पुढे लागेल.

वाक्यं पुस्तकी नसली तरी चालतील. ‘बर्फ वितळताना उष्णता देत राहिलो तरी थर्मामीटर शून्यावरच, कारण ती उष्णता बर्फ मोडण्यात जाते’ असं लिहिलंत तरी मला चालतं. परीक्षेत ‘मोडण्यात’ लिहायचं नाही, ते नंतर दुरुस्त करू. आत्ता डोक्यात काय राहिलं तेवढं कळायला हवं.

बसने येणारी बरीच मुलं सांगतात की एसटीत बसून लिहिता येत नाही. मग तोंडी सांगा, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला किंवा मनातल्या मनात. घरी गेल्यावर लिहा. फक्त सांगताना मध्येच फाइल उघडून ‘बरोबर आहे ना’ बघायचं नाही. सगळ्यांत जास्त मुलं इथेच घसरतात. पान बघितलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे येतं, असा समज होतो. ओळखता येणं आणि आठवून सांगता येणं यांतला फरक पेपरच्या दिवशी फार महाग पडतो.

३. आता सारांश उघडा, आणि प्रत्येक ओळीला पुस्तकातली जागा द्या

आता फाइल उघडा. सारांशातली एक ओळ वाचा, ती पुस्तकात कुठे आहे ते शोधा, आणि ओळीसमोर पेन्सिलीने पृष्ठ क्रमांक लिहा. सगळ्या ओळींना. ‘उष्णता’च्या पानाला एवढं करायला साधारण अर्धा तास लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण या पद्धतीतून हीच एक पायरी वगळलीत तर बाकी सगळं करून फारसा उपयोग नाही.

ते करताना तीन गोष्टी होतात. काही ओळी पुस्तकात जशाच्या तशा सापडतात, त्यांना क्रमांक देऊन पुढे जा. काही ओळींच्या मागे पुस्तकात अख्खा परिच्छेद किंवा प्रयोग असतो, त्यांना क्रमांकाबरोबर एक चांदणी काढा. आणि क्वचित एखादी ओळ पुस्तकात सापडतच नाही. ती मला आणून दाखवा. कधी ती मी समजायला सोपं जावं म्हणून घातलेली असते, कधी टायपिंगची चूक असते, आणि तुम्ही दुसऱ्या क्लासची पानं वापरत असाल तर जुन्या अभ्यासक्रमातून राहून गेलेलीही असू शकते.

चांदणीच्या ओळी कोणत्या, हे ओळखायची सवय लागली की निम्मं काम झालं. ‘उष्णता’मध्ये माझ्या मते चार आहेत: तापमान-काळ आलेख, पुनर्हिमायनाचा तारेचा प्रयोग, पाण्याचं असंगत आचरण, आणि मघाशी सांगितलेले मेणावरचे गोळे. दवबिंदूचा भाग सारांशातूनही बराच कळतो. सापेक्ष आर्द्रतेचं सूत्र, दवबिंदू तापमानाला ती १०० टक्के असणं, ६० टक्क्यांच्या वर हवा दमट आणि खाली कोरडी वाटणं, हे पानावर आहे आणि त्यात गळण्यासारखं थोडंच आहे. तिथे पुस्तक एकदा वाचलंत की पुढे पान पुरतं. सगळीकडे सारखीच मेहनत घ्या असं मी सांगणार नाही.

४. चांदणीच्या ओळीची साखळी लिहा

आता वहीचं ते डावं रिकामं पान. चांदणीची एक ओळ घ्या, पुस्तकातला तो भाग पुन्हा वाचा, आणि ‘आधी काय, मग काय, कशामुळे’ असं एकाखाली एक लिहा. याला आम्ही क्लासमध्ये साखळी म्हणतो.

पाण्याचं असंगत आचरण घेऊ. माझ्या पानावर दोन ओळी आहेत: ‘० ते ४ अंश सेल्सिअस: तापवल्यावर पाणी आकुंचन पावते. ४ अंशांच्या पुढे प्रसरण पावते. ४ अंशांना घनता सर्वाधिक.’ दोन्ही बरोबर आहेत. आता पुस्तकाच्या स्वाध्यायातला प्रश्न घ्या: थंड प्रदेशात जलचर जिवंत राहण्यात पाण्याच्या असंगत आचरणाची भूमिका काय?

फक्त पान वाचलेल्यांचं उत्तर साधारण असं येतं: ‘पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. त्यामुळे तळ्यात बर्फ झाला तरी मासे जिवंत राहतात.’ पहिलं वाक्य बरोबर, दुसरंही बरोबर, पण पहिल्यामुळे दुसरं कसं झालं ते कुठेच नाही. तीन गुणांच्या प्रश्नात मी याला एक गुण देते. ज्याची साखळी लिहून झाली आहे, त्याच्या वहीत असं असतं:

हवा थंड होते, तळ्याचा वरचा थर आधी थंड होतो.
थंड झालं की पाण्याची घनता वाढते, म्हणून ते खाली जातं आणि खालचं कोमट पाणी वर येतं.
हे तळ्यातलं सगळं पाणी ४ अंशांपर्यंत येईतोवर चालतं.
वरचं पाणी ४ च्या खाली गेलं की प्रसरण पावतं, घनता कमी होते, आता ते खाली जात नाही, वरच राहतं.
तेच पुढे ० अंशाला येऊन गोठतं. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून तरंगतो.
बर्फ उष्णतेचा दुर्वाहक, त्यामुळे खालच्या पाण्याची उष्णता सहज बाहेर जात नाही. तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास राहतं, आणि त्यात मासे व पाणवनस्पती जगतात.

यात चौथी ओळ म्हणजे सगळ्या उत्तराचा कणा. तिथपर्यंत पाणी खाली जात होतं, तिथून पुढे ते वर राहतं. ही दिशा का बदलली एवढं लिहिलंत, तर बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी गुण जात नाहीत. आणि ‘तोपर्यंत’ या अर्थाचा शब्द तिसऱ्या ओळीत आलाच, पहिल्या वाचनात गोल करायला सांगितलेल्यांपैकी.

आता हीच साखळी होपच्या उपकरणाला लावून बघा. नळकांड्यासारखं भांडं, त्याच्या मध्याभोवती पसरट भांडं, त्यात बर्फ आणि मीठ यांचं गोठणमिश्रण. एक तापमापी वर, एक खाली. मुलं उपकरणाची आकृती पाठ करतात, नावं देतात आणि आलेखावर प्रश्न आला की अडतात. पण तळ्याची साखळी ज्याला येते, त्याला आलेख पाठ करावाच लागत नाही. मधलं पाणी थंड होऊन खाली जातं, म्हणून आधी खालच्या तापमापीचं तापमान भराभर उतरतं आणि ४ अंशांवर येऊन थांबतं. त्यानंतर मधलं पाणी ४ च्या खाली गेलं की हलकं होऊन वर जायला लागतं, म्हणून आता वरची तापमापी उतरते, ४ ओलांडून ० पर्यंत. म्हणजे दोन रेषा ४ अंशांवर एकमेकींना छेदणार, हे तुम्ही पुस्तक न बघता सांगू शकता. तळ्यात थंडी वरून येते आणि उपकरणात मधून, एवढाच फरक. हा फरक वर्गात कोणी स्वतःहून बोलून दाखवला तर त्या दिवशी मी खूश असते.

साखळी लिहिताना एक काळजी घ्या. गाइडमध्ये याच प्रश्नाचं तयार उत्तर असतं, आणि ते डाव्या पानावर उतरवून काढायचा मोह होतो. उतरवलेली साखळी ओळखू येते: तिच्यात सगळी वाक्यं सारख्याच लांबीची असतात आणि खाडाखोड एकही नसते. तुमच्या साखळीत खाडाखोड असू दे. गाइड बघायचंच असेल तर साखळी लिहून झाल्यावर, कुठली कडी राहिली ते तपासायला.

५. गणितांसाठी सूत्राच्या आधी आलेख

सूत्रं सारांशात छान बसतात, म्हणून मुलांना वाटतं की गणितांपुरतं तरी पान पुरेल. ‘उष्णता’मध्ये दोन मुख्य सूत्रं आहेत. तापमान बदलतं तेव्हाचं आणि अवस्था बदलते तेव्हाचं:

```
Q = m × c × ΔT
Q = m × L
```

आता हे गणित घ्या. ० अंश सेल्सिअस तापमानाच्या १० ग्रॅम बर्फाचं १०० अंशांच्या वाफेत रूपांतर करायला किती उष्णता लागेल? बर्फ वितळण्याचा विशिष्ट अप्रकट उष्मा ८० कॅलरी प्रति ग्रॅम, पाण्याच्या बाष्पनाचा ५४० कॅलरी प्रति ग्रॅम.

सूत्रांवरून थेट गेलेली मुलं काय करतात? ० आणि १०० दिसले, फरक १००, १० × १ × १०० = १००० कॅलरी. उत्तर लिहून मोकळी. पान त्यांना हे सांगतच नाही की एका गणितात दोन्ही सूत्रं लागू शकतात, आणि एक तर दोनदा लागू शकतं.

पुस्तकात बर्फ तापवण्याच्या प्रयोगाचा जो तापमान-काळ आलेख आहे, तो आधी वहीत काढा. आडवी रेघ, मग चढ, मग पुन्हा आडवी रेघ. पहिली आडवी रेघ म्हणजे ० अंशाला बर्फाचं पाणी होतंय. चढ म्हणजे पाणी ० पासून १०० पर्यंत तापतंय. दुसरी आडवी रेघ म्हणजे १०० अंशांना पाण्याची वाफ होतेय. रेघा तीन, म्हणून गणिताच्या पायऱ्या तीन:

```
10 × 80      =  800 cal
10 × 1 × 100 = 1000 cal
10 × 540     = 5400 cal
एकूण          = 7200 cal
```

७२०० आणि १०००, एवढा फरक. प्रत्येक गणिताआधी ही तीन रेघांची आकृती कोपऱ्यात काढायची आणि गणित कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत जातंय ते पेन्सिलीने दाखवायचं. ‘० अंशाच्या बर्फाचं २० अंशांचं पाणी’ असेल तर पहिली आडवी रेघ पूर्ण आणि चढाचा थोडा भाग, म्हणजे दोन पायऱ्या. ‘१०० अंशांच्या पाण्याची वाफ’ असेल तर फक्त शेवटची रेघ.

सहज बघण्यासारखी आणखी एक गोष्ट. उष्णता एकसारखी देत राहिलं तर दुसरी आडवी रेघ पहिलीपेक्षा ५४० भागिले ८० एवढी, म्हणजे पावणेसात पट लांब असायला हवी. छापलेल्या आकृत्या नेहमी प्रमाणात काढलेल्या असतात असं नाही. पण एकदा तुम्ही स्वतः आलेखाच्या कागदावर प्रमाणात काढा, मग घरी चहाचं पाणी उकळायला लागल्यावर ते सगळं आटायला इतका वेळ का लागतो ते आपोआप दिसेल.

६. परीक्षेआधीच्या आठवड्यात उलट दिशेने

परीक्षा जवळ आली की पाठ पुन्हा पूर्ण वाचायला वेळ नसतो. आता पान पुढे आणि पुस्तक मागे. सारांशाची एक ओळ वाचा, पान उलटं ठेवा, आणि त्या ओळीमागची साखळी तोंडी बोला. बोलता आली तर पुढची ओळ. अडलात तर तिसऱ्या पायरीत लिहिलेला पृष्ठ क्रमांक आहेच, पुस्तकाचं तेवढंच पान उघडा. म्हणजे ज्या अर्ध्या तासात तुम्ही क्रमांक लिहिलेत, तो इथे वसूल होतो.

या आठवड्यात नवा सारांश हातात घ्यायचा नाही. मित्र परीक्षेच्या आदल्या रात्री ‘फायनल नोट्स’ म्हणून फोटो पाठवतात. त्यात तोच मजकूर वेगळ्या क्रमाने असतो, आणि वेगळा क्रम बघितला की आपलं काहीतरी राहिलं असं वाटून धाबं दणाणतं. फोटो उघडूच नका.

बाकी विषयांबद्दल थोडक्यात

आवर्ती वर्गीकरणाच्या पाठाला सारांश चांगला लागतो, कारण तिथे डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह, मोजले हा क्रम डोक्यात बसवायचा असतो. पण तिथेही मर्यादा गळतात. न्यूलँड्सचा अष्टकांचा नियम कॅल्शियमपर्यंतच लागू पडतो, हे सारांशात नसलं तर ‘त्रुटी लिहा’ या प्रश्नाला तुमच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून तिथे साखळीऐवजी प्रत्येक शास्त्रज्ञाच्या नावासमोर ‘कुठे अडलं’ असा एक रकाना करा.

मराठीला मी सारांश देत नाही, आणि देणारही नाही. पेपरात उतारा किंवा कविता समोर छापून येते, कृती त्या ओळींवर असतात. पाठात काय घडलं हे माहीत असून तिथे भागत नाही, छापलेलं वाचून त्यातून शोधावं लागतं. रसग्रहणात तर कवितेतले शब्द आणि त्यांमागची कल्पना लिहायची, ती कवितेचा अर्थ वाचून कशी सापडणार?

पालकांसाठी दोन वाक्यं

पाठ झाला का, असं विचारण्यापेक्षा ‘डावं पान दाखव’ म्हणा. तुम्हाला विज्ञान आलंच पाहिजे असं नाही. डावं पान रिकामं आहे की भरलेलं, आणि भरलेलं असेल तर त्यात खाडाखोड आहे का, एवढं कोणालाही दिसतं.

सोमवारी येताना

पुस्तक, वही आणि पेन्सिल घेऊन या. फाइल घरीच ठेवा. ‘उष्णता’ची पहिली बैठक, म्हणजे अप्रकट उष्म्यापासून असंगत आचरणापर्यंतचं वाचन, घरून करून यायचं आहे, आणि समासातली प्रश्नचिन्हं मी बेंचवर येऊन बघणार आहे. पहिला तास त्यांच्यावरच जाईल. पुनर्हिमायनाचा प्रयोग वर्गात करून दाखवणार आहे, त्यासाठी बर्फाची लादी मी आणते. तार लादीतून पूर्ण खाली येऊनही लादीचे दोन तुकडे का होत नाहीत, यावर तुमचं मत वहीत लिहून आणा. चुकलं तरी चालेल, पण पुस्तकातला तो भाग वाचायच्या आधी लिहा.